नकाराचं दुखणं आणि मेंदूत पेटणारा ‘तोच भाग’

प्रश्न: दोन वर्षांचं नातं होतं, सव्वादोन महिन्यांपूर्वी तिने ‘आता नको’ म्हणून सांगितलं. अजून तिचा फोटो दिसला की छातीत कळ येते. मित्र म्हणतात नाटकं बंद कर. कुठेतरी वाचलं की भाजल्यावर मेंदूचा जो भाग पेटतो तोच नकारानेही पेटतो, आणि पॅरासिटामॉलने हे दुखणं कमी होतं. हे खरं आहे का? आणि हे थांबवायला नेमकं काय करायचं?

उत्तर:

वाचलंत ते अर्धं बरोबर आहे. पण उरलेलं अर्धं जिथे फसतं, तिथेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून आधी तो प्रयोग नीट पाहू.

तो 2011 सालचा, ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचा. सहा महिन्यांच्या आत ज्यांचं नातं त्यांच्या मनाविरुद्ध तुटलं होतं आणि ज्यांना आजही ते आठवलं की नाकारल्यासारखं वाटत होतं, अशा 40 जणांना त्यांनी एफएमआरआय यंत्रात झोपवलं. प्रत्येकाला दोन प्रकारचे फोटो दाखवले. एक माजी जोडीदाराचा, आणि तो बघताना नातं तुटल्याचा एखादा ठरावीक प्रसंग आठवायचा. दुसरा त्याच लिंगाच्या एखाद्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा, आणि त्या व्यक्तीबरोबरचा चांगला प्रसंग आठवायचा. वेगळ्या फेरीत त्यांच्या डाव्या हाताला, कोपराखालच्या मऊ भागावर, कधी दुखेल इतका गरम तर कधी नुसता कोमट स्पर्श दिला.

दोन्ही फेऱ्यांमध्ये मेंदूच्या काही भागांतली हालचाल वाढली. त्यातले अँटिरिअर सिंग्युलेट आणि इन्सुलाचा पुढचा भाग अपेक्षितच होते. वेदना नुसती जाणवणं वेगळं आणि ती नकोशी वाटणं वेगळं. हे दोन भाग त्या नकोसेपणाशी निगडित आहेत. नवीन गोष्ट अशी की दुय्यम संवेदी पट्टा आणि इन्सुलाचा मागचा भागही दोन्ही वेळा सक्रिय दिसला. चटका शरीरात कुठे बसला, किती बसला, याच्याशी या भागांचा संबंध लावला जातो. ‘मेंदूला विरह आणि भाजणं यातला फरक कळत नाही’ हे वाक्य तिथून निघालं आणि जगभर फिरलं.

आता त्यातली फट. एफएमआरआय मज्जापेशींचं काम थेट पाहत नाही. एखाद्या भागात ऑक्सिजनयुक्त रक्त किती पोचलं एवढंच ते मोजतं, आणि तेही काही सेकंद उशिराने. चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण तीन मिलिमीटर बाजूचा ठोकळा, आणि त्यात लाखो मज्जापेशी असतात. दोन प्रसंगांत तोच ठोकळा पेटला याचा अर्थ त्याच पेशी पेटल्या असा होत नाही. रात्री लांबून पाहिलं तर एका इमारतीत कालही दिवे होते आणि आजही आहेत. काल तिथे लग्न होतं आणि आज मयत आहे, हे नुसत्या दिव्यांवरून कसं सांगणार?

म्हणून 2014 मध्ये चूंग-वान वू, टॉर वेजर आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत क्रॉसही होते, दुसरा प्रश्न विचारला. भाग पेटतो का, हे त्यांनी विचारलं नाही. त्या भागाच्या आत कुठला ठिपका किती पेटतो याची नक्षी दोन्ही वेळा सारखी आहे का, हे तपासलं. पद्धत तशीच, माजी जोडीदाराचा फोटो आणि हातावरची उष्णता, आणि माणसं साठेक. चटक्याची नक्षी आणि नकाराची नक्षी वेगळी निघाली, आणि अगदी त्या ‘सामाईक’ म्हणवल्या जाणाऱ्या सिंग्युलेटच्या आतसुद्धा वेगळी निघाली. चटक्याची नक्षी ओळखायला शिकवलेलं गणित नकाराच्या वेळी गप्प राहिलं, आणि उलटही तसंच. म्हणजे दोघांची गल्ली एक, पण घरं वेगळी.

त्यातही सिंग्युलेट हा भाग फक्त वेदनेचा नाहीच. चूक झाली, अपेक्षेपेक्षा वेगळं घडलं, दोन गोष्टींत ओढाताण झाली, तरी तो जागा होतो. 2003 मध्ये नेओमी आयझेनबर्गर यांनी 13 जणांवर केलेला पहिला गाजलेला प्रयोग घ्या. संगणकावर तिघांत चेंडू फेकायचा खेळ आणि थोड्या वेळाने दोघे तिसऱ्याला चेंडू देणंच बंद करतात. ज्याला जास्त वाईट वाटलं त्याच्या सिंग्युलेटमध्ये जास्त हालचाल दिसली. पण त्या क्षणी त्या माणसाला वाईट वाटत होतं आणि आश्चर्यही वाटत होतं. त्यातलं कशाचं किती, हे त्या चित्रातून वेगळं काढता येत नाही. यावर संशोधकांमध्ये आजही जोरात वाद आहेत.

मग ‘नकाराने खरंच दुखतं’ हे खोटं का? नाही. एफएमआरआयवर न टेकणारा पुरावाही आहे. शरीर स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं तयार करतं आणि ती पेशींवरच्या रिसेप्टर नावाच्या ठरावीक जागांवर बसतात. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या एका गटाने 18 निरोगी माणसांना, त्यांना आवडलेल्या अनोळखी व्यक्तींनी ‘आम्हाला तुमच्यात रस नाही’ असं कळवल्याचं दाखवलं आणि पेट स्कॅनने या जागा मोजल्या. नकार मिळताच मेंदूच्या अनेक भागांत हे द्रव्य सुटलं, शरीराला इजा झाली की सुटतं तसंच. गंमत म्हणजे हा नकार खरा नाही हे सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. म्हणजे मित्रांना सांगायला हरकत नाही की नाटक आहे हे माहीत असूनही मेंदू स्वतःची दवा काढतो.

मात्र तुमच्या प्रश्नाचा कणा वेगळ्याच प्रयोगात आहे. 2010 मध्ये हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी नुकताच नकार मिळालेल्या, पण अजूनही त्या व्यक्तीवर प्रेम असलेल्या 15 जणांचा अभ्यास केला. नकार मिळून सरासरी 63 दिवस झाले होते, म्हणजे जवळपास तुमच्याइतकेच. जागेपणीचा 85 टक्क्यांहून जास्त वेळ तीच व्यक्ती डोक्यात असते असं ते सांगत होते. फोटो दाखवल्यावर सिंग्युलेट आणि इन्सुला हलले खरे, पण त्याबरोबर व्हेंट्रल टेगमेंटल भाग आणि न्यूक्लिअस अक्यूम्बन्स हेही जोरात हलले. हा डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा रस्ता. हवं ते मिळवायला धावायला लावणारा. कोकेनची तल्लफ आलेल्या माणसातही याच रस्त्यावर वर्दळ असते. (इथेही ‘गल्ली एक, घरं वेगळी’ हा इशारा लागू आहे. प्रेम म्हणजे व्यसन असा निष्कर्ष यातून काढू नये.)

थोडक्यात, नकार मिळाल्यावर प्रेमाचं इंजिन बंद पडत नाही. ते चालूच राहतं, फक्त गाडीला रस्ता उरत नाही. तुम्हाला जी कळ येते ती भाजल्यासारखी कमी आणि तल्लफ भागत नसल्यासारखी जास्त आहे. हा फरक शब्दांपुरता नाही, कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत. भाजल्यावर नुसतं थांबलं तरी जखम भरते. तल्लफ मात्र प्रत्येक खुणेने नव्याने जागी होते, आणि खुणा तुमच्या खिशातल्या फोनमध्ये भरलेल्या आहेत.

याला एक जोड आहे. बक्षीस मिळेल की नाही हे अनिश्चित असतं तेव्हा डोपामिनच्या पेशी वाट पाहण्याच्या काळात अधिकाधिक जोराने काम करतात. माकडांवरच्या प्रयोगात, 2003 साली, ही हालचाल सगळ्यात जास्त दिसली ती शक्यता निम्मी-निम्मी असताना. खात्रीने मिळणार असेल किंवा खात्रीने मिळणार नसेल तर ती उरत नाही. माणसांच्या नात्यावर हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ‘सध्या नको, पुढचं पुढे बघू’ हे उत्तर स्पष्ट ‘नाही’पेक्षा जास्त दिवस का छळतं, याचं हे मला सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे.

आता एक उदाहरण पूर्ण उलगडून पाहू. समजा, 26 वर्षांची एक मुलगी आहे. नातं तुटून आठ आठवडे झालेत. दिवसभर कामात बरी असते. रात्री साडेदहाला अंथरुणावर पडली की फोन हातात येतो आणि ती त्याचं ‘लास्ट सीन’, डीपी, स्टेटस बघते. दिवसातून सात-आठ वेळा. विचारलं तर म्हणते, ‘एकदा बघितलं की बरं वाटतं, म्हणून बघते.’

तिचं म्हणणं खरं आहे, पण ते पहिल्या मिनिटापुरतं. तिला आपण चार दिवस एक साधी नोंद ठेवायला सांगू: बघण्याआधी ओढ दहापैकी किती, बघितल्यावर लगेच किती, आणि वीस मिनिटांनी किती. समजा, आकडे साधारण असे आले: आधी सात, लगेच चार, वीस मिनिटांनी आठ. ‘बरं वाटतं’ हा मधला चार. मेंदू शिकतो तो त्या सातावरून चारावर येण्यातून, आठाला तो या गोष्टीशी जोडत नाही, कारण तोवर वीस मिनिटं गेलेली असतात. ही नोंद त्या दोघांना एका ओळीत आणते. एवढ्यासाठीच ती ठेवायची. चार दिवसांपेक्षा जास्त नको, नाहीतर नोंद ठेवणं हेच आठवण काढायचं नवं निमित्त होतं.

पुढची पायरी खुणा दूर करण्याची, आणि इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. फोटो कायमचे डिलीट करू नका. भावनेच्या भरात केलेलं डिलीट दोन दिवसांनी पश्चात्ताप बनतं आणि मग ‘तो एक फोटो परत दे’ म्हणून संपर्क होतो. सगळं फोनमधून एका पेनड्राइव्हवर हलवा आणि तो विश्वासातल्या माणसाकडे तीन महिने ठेवायला द्या. चॅट अर्काइव्ह करून भागत नाही, कारण दोन टिचक्यांत ती परत उघडते. तीही निर्यात करून त्याच पेनड्राइव्हवर जाऊ दे आणि मग फोनमधून काढा. प्रोफाइल म्यूट करण्यापेक्षा अनफॉलो बरं, कारण म्यूट केलेलं प्रोफाइल आपण शोधून उघडतोच. फोनने आपोआप बनवलेले ‘याच दिवशी, गेल्या वर्षी’ हे व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. हा कोपरा बहुतेकांच्या लक्षात राहत नाही आणि नेमका सकाळी सातला डोळ्यांसमोर येतो.

मग साडेदहाची वेळ. ती रिकामी ठेवून ‘बघणार नाही’ असं ठरवलं तर ते टिकत नाही. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा, गजरासाठी साधं घड्याळ घ्यायचं, आणि ओढ आली तर ती येऊन जाऊ द्यायची. चढलेली ओढ पुरवली नाही तरी सहसा काही मिनिटांत उतरू लागते. पण सुरुवातीच्या काही दिवसांत आधी ती *वाढते*. नेहमीचं बटण दाबूनही दिवा लागला नाही की माणूस बटण जोरजोरात दाबतो, तसंच हे. तिसऱ्या-चौथ्या रात्री ‘हा उपाय उलटतोय’ असं वाटून अनेक जण सोडतात. खरं तर तेव्हा तो लागू पडायला लागलेला असतो. आणि त्या रात्री हरून एकदा बघितलं, तर शिकवण अशी जाते की जास्त जोर लावला की मिळतं. म्हणून कधीतरी एखाद्या वेळी बघणं हे रोज बघण्यापेक्षाही चिवट सवय घडवतं.

विचारांचं काय? 2018 मध्ये सँड्रा लँगेस्लाग यांनी एका सहकाऱ्याबरोबर नातं तुटलेल्या लोकांवर तीन युक्त्या तपासल्या. माजी जोडीदाराच्या खटकणाऱ्या गोष्टी आठवल्या तर प्रेमाची भावना कमी झाली, पण मन जास्त उदास झालं. आवडीच्या दुसऱ्या गोष्टींचा विचार केला तर मन बरं झालं, पण प्रेम जागचं हललं नाही. ‘प्रेम असणं चूक नाही’ हे स्वतःशी मान्य करण्याने दोन्हींत फारसा फरक पडला नाही. परिणाम सगळे छोटे आणि त्या क्षणापुरते होते. माझा सल्ला यावरून असा: दिवसाउजेडी, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं. नात्यातले खरोखर खटकलेले पाच प्रसंग तारखेसह कागदावर लिहायचे. माणसाला शिव्या लिहायच्या नाहीत, ‘अमक्या दिवशी मी दोन तास थांबलो आणि कळवलंही नाही’ असं लिहायचं. ते एकदा वाचायचं आणि लगेच उठून हातपाय गुंतवणारं काम करायचं. झोपण्याआधी हे कधीच नको.

मात्र तेच तेच उगाळण्याची सवय असेल तर ‘मनातलं सगळं लिहून मोकळे व्हा’ हा लोकप्रिय सल्ला जपून घ्या. वैवाहिक जोडीदारापासून विभक्त झालेल्या लोकांवरच्या 2013 च्या एका अभ्यासात, घटनेचा अर्थ शोधत राहणाऱ्यांना भावना लिहिण्याने उलट त्रास जास्त झाला. रोजचं साधं टिपण लिहिणारे जास्त बरे राहिले. ओळखायची खूण सोपी आहे. लिहून झाल्यावर नवं काही सापडलं की ‘का?’ हा एकच प्रश्न पुन्हा उरला? तीन दिवस तोच प्रश्न उरत असेल तर वही बंद करा.

पॅरासिटामॉलबद्दल. 2010 च्या अभ्यासात रोज 1000 मिलिग्रॅम गोळी तीन आठवडे घेणाऱ्यांच्या रोजच्या नोंदीत, नकली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, मन दुखावल्याचं प्रमाण हळूहळू कमी झालं. दुसऱ्या, छोट्या गटात रोज 2000 मिलिग्रॅमनंतर चेंडूच्या खेळात सिंग्युलेट आणि इन्सुला कमी हलले. पण ते विरहाचे रुग्ण नव्हते, रोजच्या बारीकसारीक अपमानांची नोंद करणारी निरोगी तरुण मंडळी होती, आणि पुढच्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. 2015 च्या एका प्रयोगात या गोळीने आनंददायक चित्रांचा परिणामही बोथट झालेला दिसला. एवढ्यासाठी आठवडेच्या आठवडे गोळी घेऊ नका. सर्दी-तापाच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत तेच औषध असतं, नकळत मात्रा दुप्पट होते आणि यकृताला इजा होऊ शकते. मद्य घेत असाल तर धोका आणखी.

आणि अपेक्षेचा वाटा विसरू नका. 2017 च्या एका प्रयोगात विरहातल्या लोकांच्या नाकात साधं मिठाचं पाणी फवारलं. ‘हे मनाचं दुखणं कमी करणारं जोरदार औषध आहे’ असं ज्यांना सांगितलं, त्यांना माजी जोडीदाराचा फोटो बघताना कमी वाईट वाटलं, आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या, भावनांवर लगाम ठेवणाऱ्या पट्ट्यात हालचाल वाढली. गोळीने बरं वाटलेल्या मित्राचं म्हणणं खोटं नसेल, पण त्यातलं श्रेय गोळीला किती हे त्यालाही सांगता येणार नाही.

राहिली छातीतली कळ. सिंग्युलेट आणि इन्सुला हृदय, श्वास आणि आतड्यांच्या आपोआप चालणाऱ्या नसांशी जोडलेले आहेत. प्रयोगशाळेत ‘या व्यक्तीला तू आवडला नाहीस’ हे अनपेक्षितपणे कळताच लोकांच्या हृदयाची गती काही ठोके मंदावलेली मोजली गेली आहे. त्यात श्वास उथळ होतो आणि बरगड्यांमधले स्नायू तासन्‌तास आखडलेले राहतात, म्हणून जड वाटतं. तपासायची रीत: बोटाने बरगड्यांमध्ये दाबलं, कुशीवर वळलं किंवा खोल श्वास घेतला की दुखण्यात फरक पडतो का? पडत असेल तर ते बहुधा स्नायूंचं. पण हा नुसता अंदाज आहे. कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, घाम फुटतो, चढण चढताना वाढते, श्वास लागतो किंवा चक्कर येते, यातलं काहीही असेल तर ‘मनाचंच असेल’ म्हणत बसू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून पंप करायचा मंदावतो असा ताकोत्सुबो नावाचा आजार खरोखर आहे. तो बहुतेक पाळी थांबलेल्या स्त्रियांत आढळतो. सुरुवातीला त्याची लक्षणं हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात, आणि फरक ईसीजी, रक्ततपासणी, इको आणि अँजिओग्राफी अशा तपासण्यांनीच कळतो.

सव्वादोन महिन्यांनी फोटो पाहून कळ येणं हे अपेक्षित टप्प्यातलं आहे. बघायचं ते दिशेकडे: फोटो नसतानाचे तास वाढतायत का, झोप आणि भूक रुळावर येतायत का. दोन आठवडे जवळपास रोज झोप तुटत असेल, कामावर जाणं थांबलं असेल, किंवा पूर्वी आवडणाऱ्या एकाही गोष्टीत मन लागत नसेल, तर ते विरहाच्या पुढे जाऊन नैराश्य असू शकतं, आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जगणं नको वाटत असेल किंवा तिला इजा करावीशी वाटत असेल, तर त्या रात्री एकटे राहू नका. घरातल्या कुणालातरी उठवा आणि त्याच रात्री डॉक्टरकडे जा.